बहादूर यांचा निरोप : भाषण आणि त्यामागचा हिशेब

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितले की, गेल्या ३१ मार्चला आपल्या वॉचमनच्या निरोप समारंभात तुम्ही जे भाषण केलेत ते लिहून द्या. भाषण दहा मिनिटांचे होते आणि माझ्याकडे त्याची फक्त टिपणे आहेत. पण ती टिपणे काढण्यासाठी मी तीन आठवडे सोसायटीच्या ऑफिसातले कपाट उपसले. जुनी मस्टर, पगाराची व्हाउचरे, इतिवृत्ताच्या वह्या आणि गेटवरची रजिस्टरे चाळली. भाषणात त्यातले फार थोडे आले. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांपैकी वीस वर्षांचा इतिहास गेटवरच्या माणसाने पाहिला आणि काही प्रमाणात लिहूनही ठेवला, म्हणून इथे ते सविस्तर देतो. बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब जरा जास्त येईल, त्याला इलाज नाही.

सुरुवात नावापासून करावी लागते. आपण सगळे ज्यांना बहादूर म्हणतो त्यांचे नाव बहादूर नाही. २००४ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या व्हाउचरवर, रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी सही आहे, त्यात खरे नाव स्पष्ट वाचता येते. त्यांच्या आधीचा नेपाळी वॉचमन बहादूर होता, म्हणून हेही बहादूर झाले. समारंभात मी पूर्ण नाव घेऊन ‘तुम्ही’ म्हणून सुरुवात केली, तेव्हा मागच्या खुर्च्यांवरची तरुण मंडळी एकमेकांकडे बघू लागली, की हे कोण? स्मरणिकेत मात्र नाव छापू नका असे त्यांनीच सांगितले. कारण विचारले तर म्हणाले, “साब, पैसे का आकडा भी छपेगा ना? मेरे गाव के आधे लोग इधर बोरिवली-दहिसर में हैं. घर पहुँचने से पहले उधार माँगनेवाले पहुँचेंगे.” हे पटण्यासारखे होते. म्हणून इथे बहादूर हेच नाव राहील.

दुसरा गैरसमज ‘गुरखा’ या शब्दाचा. मुंबईत रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा नेपाळी माणूस म्हणजे गुरखा, आणि गुरखा म्हणजे पलटणीतला शूर शिपाई, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. गोरखा हे मध्य नेपाळातले एक गाव आणि तिथले जुने राज्य. त्या राज्याच्या पृथ्वीनारायण शाह यांनी अठराव्या शतकात नेपाळ एक केला, आणि १८१५ पासून इंग्रजांनी तिथल्या लोकांची भरती सुरू केली. पण त्या पलटणींत मुख्यतः मगर, गुरुंग, राई, लिंबू या समाजांचे लोक घेतले जात. मुंबईच्या गेटांवर दिसणारे बरेचसे लोक नेपाळच्या अगदी दुसऱ्या टोकाकडून, सुदूर पश्चिमेच्या डोंगरी जिल्ह्यांतून येतात. अछाम, डोटी, बझांग, बाजुरा ही त्या जिल्ह्यांची नावे. बहादूर अछामचे. “गोरखा तो मैंने देखा भी नहीं साब,” असे ते मला म्हणाले. त्यांच्या घरात कोणी पलटणीत नव्हते. आजोबा मात्र कामासाठी हिंदुस्थानात येऊन गेले होते.

या येण्याजाण्याला कायद्याचा आधार आहे, तो आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतो. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांच्यात मैत्रीचा करार झाला. त्यातल्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि हिंडण्याफिरण्याची मोकळीक परस्परांनी द्यायची ठरले. त्यामुळे बहादूर इथे वीस वर्षे राहिले ते व्हिसाशिवाय आणि पूर्णपणे रीतसर. मधल्या काळात एका सभेत कोणी तरी “परदेशी माणूस ठेवणे बेकायदा नाही ना?” असे विचारल्याची नोंद इतिवृत्तात आहे. उत्तराची नोंद नाही.

ते २००४ साली का आले, हेही मला भाषणाच्या तयारीतच कळले. इतकी वर्षे रोज ‘कसं काय बहादूर’ म्हणत गेटातून गेलो, पण हा विषय निघाला नव्हता. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ माओवादी युद्ध चालू होते. फेब्रुवारी २००२ मध्ये अछामचे मुख्य ठिकाण मंगलसेन इथे मोठा हल्ला झाला, त्यात शंभराहून अधिक पोलीस आणि सैनिक मारले गेले. त्यानंतर गावात पुरुषाने राहणे अवघड झाले. एका बाजूने बंडखोर भरतीला बोलावत आणि दुसऱ्या बाजूने सैन्य संशय घेई. बहादूर तेव्हा चाळिशीला आलेले, घरी बायको, दोन मुले आणि डोंगरउतारावरची थोडी शेती. चुलतभाऊ कांदिवलीतच एका इमारतीवर होता. त्याने आपल्या तेव्हाच्या सेक्रेटरींना विचारले, आणि २,६०० रुपये पगार, पंपरूमशेजारची खोली, वीज-पाणी फुकट, अशा बोलीवर १ नोव्हेंबर २००४ रोजी काम सुरू झाले. नेमणुकीचे पत्र दिलेले नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

आता २६ जुलै २००५. त्या दिवसाबद्दल प्रत्येक घरात एक गोष्ट आहे, तेव्हा पावसाचे वर्णन करत नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, एवढेच पुरे. मी स्वतः त्या रात्री शाखेतच अडकलो होतो आणि दुसऱ्या दिवशी चालत घरी आलो, त्यामुळे पुढचे सगळे शेजाऱ्यांचे सांगणे आणि गेटचे रजिस्टर यांवरून लिहितो आहे. रजिस्टर वाचता आले याचे कारण साधे आहे. नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहितात.

बहादूरांना नोकरीला लागून नऊ महिनेही झाले नव्हते. दुपारी पोयसर नदीच्या बाजूने पाणी रस्त्यावर चढायला लागले. त्यांची नोंद अशी आहे : ‘पानी गेटभित्र आयो। मोटर बन्द।’ बाजूला वेळ, ४.१०. पाणी गेटच्या आत आले, मोटर बंद केली. या पाच शब्दांत जे केले ते किती मोलाचे होते हे समजायला आपल्या पाण्याची व्यवस्था आठवावी लागेल. महापालिकेचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येते आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. गच्चीवरच्या टाकीतली पातळी उतरली की तेव्हा आपला पंप आपोआप चालू होई. जमिनीखालच्या टाकीचे झाकण जमिनीपासून जेमतेम चार इंच वर होते. म्हणजे पुराचे घाण पाणी टाकीत शिरणार होते आणि त्यानंतर पंप सुरू झाला असता, तर तेच पाणी वर चढून ४८ घरांच्या नळांना आले असते. गच्चीवरची टाकी आणि सगळ्या उभ्या पाइपलाइन धुवेपर्यंत पाण्याचा एक थेंब वापरता आला नसता.

बहादूरांनी आधी पंपाचा स्विच बंद केला. मग मीटररूमच्या पायरीला पाणी लागायच्या आत तळमजल्यावरच्या काकांना बोलावून मेन स्विच पाडला. त्यानंतर गच्चीवर जाऊन टाकीचा खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि जिने चढून प्रत्येक मजल्यावर सांगून आले, की सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तासच पाणी सोडीन, भरून ठेवा. गच्चीवरची टाकी त्या वेळी जवळजवळ भरलेली होती. ती आपल्याला दोन दिवस पुरली. शेजारच्या दोन इमारतींना त्याच दोन दिवसांत बादल्या घेऊन रांगा लावाव्या लागल्या. पाणी ओसरल्यावर जमिनीखालची टाकी पूर्ण उपसली, गाळ काढला, ब्लीचिंग पावडरने दोनदा धुतली, मगच पंप चालू झाला. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मी विचारले तर म्हणाले, गावात धारा गढूळ झाला की वरचे भांडे आधी झाकतात. धारा म्हणजे तिकडचा डोंगरातला पाण्याचा झरा.

या कामाबद्दल ऑगस्टच्या कमिटी सभेत आभाराचा ठराव आहे आणि ५०० रुपये बक्षीस. टाकीचे झाकण दीड फूट उंच करण्याचा ठरावही त्याच पानावर आहे. खर्च मात्र २००९ साली झालेला दिसतो.

पुढच्या वर्षांतले सगळे सांगत बसत नाही. नोव्हेंबर २००८ नंतर पाहुण्यांचे रजिस्टर सुरू झाले, त्यात आपल्याच नातेवाइकांना नाव लिहायला लावल्याबद्दल तक्रारी आल्या. २०२० च्या टाळेबंदीत बाकीचे सगळे कामगार गावी किंवा घरी अडकले, तेव्हा गेट, पंप, कचरा आणि दूध या चारही गोष्टी एकट्या माणसाने अडीच महिने सांभाळल्या. हे सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. आमच्या मजल्यावरच्या आजींना त्या काळात औषधे कोणी आणून दिली हे त्या अजून सांगतात.

आता ज्यासाठी खरे म्हणजे हा लेख लिहायचा होता, त्याकडे येतो. जानेवारीत कमिटीने ठरवले की साठाव्या वर्षी बहादूरांना निवृत्त करायचे आणि समारंभ करायचा. शाल, श्रीफळ, एक महिन्याचा पगार आणि माझे भाषण. मी चेअरमनना म्हटले, भाषण करतो, पण माणूस वीस वर्षांनी घरी चाललाय, त्याच्या ग्रॅच्युइटीचे काय? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की असा विचारच कोणी केला नव्हता.

कायदा असा आहे. तेव्हा अमलात असलेला १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला लागू होई. आपल्याकडे कधीही चारांपेक्षा जास्त माणसे नव्हती. म्हणजे कायद्याने आपल्यावर बंधन नाही. प्रॉव्हिडंट फंडाचेही तेच, तिथे वीसची अट आहे. एजन्सीमार्फत येणाऱ्या गार्डना एजन्सीकडून फंड वगैरे मिळतो आणि महाराष्ट्राचा १९८१ चा सुरक्षा रक्षक कायदाही एजन्सीमार्फत येणाऱ्यांसाठीच आहे, थेट नेमलेला माणूस त्यात बसत नाही. थोडक्यात, लहान सोसायटीने स्वतः ठेवलेला वॉचमन या सगळ्या कायद्यांच्या बरोबर मधल्या फटीत पडतो. वीस वर्षे नोकरी, आणि शेवटी हातात काय, तर सभासदांना वाटेल ते.

मी कमिटीपुढे एवढेच मांडले की बंधन नसले तरी देण्याला मनाईही नाही. सर्वसाधारण सभेने ठराव करून कायद्याच्याच सूत्राने रक्कम द्यावी. सूत्र कायद्याचे घेतले म्हणजे ‘किती द्यायचे’ यावर घासाघीस होत नाही.

सूत्र सोपे आहे. शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची पूर्ण वर्षे. म्हणजे प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचा पगार. बहादूरांचा शेवटचा पगार १३,००० रुपये. त्याला २६ ने भागले की दिवसाचे ५०० होतात. पंधरा दिवसांचे ७,५००. वीस वर्षांचे १,५०,०००.

खजिनदारांनी आधी जो कागद केला होता त्यात महिन्याचे दिवस ३० धरले होते आणि रक्कम १,३०,००० आली होती. ही चूक मी बँकेतही अनेकदा पाहिली आहे. महिन्यात चार सुट्ट्या धरून कामाचे दिवस २६, म्हणून भागाकार २६ ने. ते कायद्यातच लिहिलेले आहे. एका आकड्याने वीस हजारांचा फरक पडतो.

मग वर्षे किती, यावर अडले, आणि इथे कपाट उपसल्याचा उपयोग झाला. नेमणुकीचे पत्र नाही. २००६ पूर्वीचे मस्टर पुराच्या पाण्यात भिजून फेकून दिलेले. एका सभासदांचे म्हणणे, की पुरावा २००६ पासूनचाच आहे, तेव्हा तिथून मोजा. पण व्हाउचरांची फाइल खजिनदारांच्या घरी, चौथ्या मजल्यावर होती, म्हणून वाचली. त्यात नोव्हेंबर २००४ चे २,६०० रुपयांचे पहिले व्हाउचर सापडले. १ नोव्हेंबर २००४ ते ३१ मार्च २०२५ म्हणजे वीस वर्षे पाच महिने. सहा महिन्यांहून जास्त असते तर कायद्याने एकवीस धरावी लागली असती. पाच महिने आहेत, म्हणून वीस.

दुसरी शंका रजेची निघाली. हे लोक दरवर्षी गावी जात नाहीत. दोन वर्षांतून एकदा दोन-तीन महिने जातात आणि तेवढ्या दिवसांसाठी भाऊबंदांतला एक जण बदली म्हणून उभा करतात. मुंबईतली नेपाळी वॉचमनची कामे बहुतेक अशीच चालतात. काम एका कुटुंबात राहते. २०११ साली पत्नीच्या आजारपणामुळे बहादूर पाच महिने परतले नव्हते. वर्षात २४० दिवस काम भरले पाहिजे, त्या वर्षी भरत नाहीत, तेव्हा एक वर्ष कमी करा, असा मुद्दा आला. मुद्दा मांडणारे गृहस्थ वाईट नाहीत. ते स्वतः कारखान्यात होते आणि नियम त्यांना पाठ आहे. पण नियमाची दुसरी बाजू अशी की मंजूर रजेने सेवा तुटत नाही. इतिवृत्तात ‘बहादूर यांची वाढीव रजा मंजूर, बदली माणूस कामावर’ अशी एक ओळ निघाली. त्या ओळीची किंमत ७,५०० रुपये.

सर्वांत गमतीचा घोळ जन्मतारखेचा. साठ वर्षे कधी पूर्ण होतात हे पाहायला त्यांचे नेपाळी नागरिकतेचे प्रमाणपत्र मागितले, तर त्यात जन्मसाल २०२१! कमिटीतल्या एका तरुणाला वाटले की कागद बनावट आहे. नेपाळात सरकारी कामकाज विक्रम संवतात चालते आणि त्यांचे वर्ष एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात सुरू होते. इंटरनेटवर पाहून कोणी तरी ५७ वजा केले आणि १९६४ काढले. तसे असते तर बहादूर मागच्याच वर्षी साठ पूर्ण करून बसले असते आणि १९ वर्षेच धरली जाण्याचा धोका होता. पण जन्म चैत महिन्यातला. चैत हा त्यांच्या वर्षाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी साल बदललेले असते. म्हणून तिथे ५६ वजा करायचे, म्हणजे १९६५. हे आमच्याच मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांनी दोन मिनिटांत सोडवले. त्यांची आई अजून सगळे संवतात मोजते.

फेब्रुवारीत विशेष सर्वसाधारण सभा झाली. पैसे कुठून, हा प्रश्न होताच. सिंकिंग फंडाला हात लावता येत नाही, तो इमारतीच्या मोठ्या कामांसाठी आहे. म्हणून प्रत्येक घराने ३,१२५ रुपये, दरमहा ६२५ प्रमाणे पाच हप्त्यांत द्यायचे, आणि तोवर रक्कम सोसायटीच्या मुदत ठेवीतून आगाऊ काढायची, असे ठरले. वन-रूम-किचनवाल्यांनी रास्त विचारले की तीन खोल्यांच्या घराइतकेच आम्ही का द्यायचे? उपविधींत सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, माळी यांचा खर्च, सर्व घरांवर समान असतो. गेट सगळ्यांसाठी एकच उघडते. ३,१२५ हा आकडा ऐकून थोडी कुरकुर झाली, तेव्हा मी उठून सांगितले की हेच वीस वर्षांच्या २४० महिन्यांवर वाटले असते, तर घरटी महिना साधारण १३ रुपये पडले असते. ठराव मंजूर झाला. विरोधात सहा मते, त्यातली दोन घरे आता हप्ता वेळेवर भरतात, तीही मी पाहून ठेवली आहेत.

आता शेवटचा भाग, पैसे पोहोचवण्याचा. हा माझ्या पेशाचा विषय. इथून अछामला जाणारा माणूस दिल्लीपर्यंत रेल्वेने, तिथून बसने उत्तराखंडातल्या बनबसाला जातो, शारदा नदीवरचा बराज ओलांडून नेपाळात शिरतो आणि पुढे डोंगरात आणखी एक-दीड दिवस बसतो. कमाई खिशात, नाही तर गंजिफ्रॉकच्या आत शिवलेली. वाटेत गुंगीचे औषध घातलेला चहा पाजून लुटलेल्यांच्या गोष्टी प्रत्येक नेपाळी वॉचमनला तोंडपाठ असतात. २०१६ च्या नोटाबंदीत तर वेगळाच फटका बसला. गावच्या घरी ट्रंकेत ठेवलेल्या जुन्या भारतीय नोटा बदलून मिळण्याची सोय नेपाळात झालीच नाही. बहादूरांचे स्वतःचे १८ हजार असे कागद होऊन पडले. त्यानंतर मी त्यांना इथे खाते उघडायला लावले आणि पगार त्यात जाऊ लागला.

रिझर्व्ह बँकेने २००८ पासून नेपाळला पैसे पाठवण्याची एक सोय ठेवली आहे. इथल्या कोणत्याही एनईएफटी शाखेतून पैसे निघतात आणि नेपाळात तिथल्या रुपयांत जमा होतात. आधी एका वेळी ५० हजारांची मर्यादा होती, म्हणजे तीन खेपा कराव्या लागल्या असत्या. ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून पाठवताना ती २ लाख आहे. म्हणून १,५०,००० एकाच वेळी गेले. दराचीही चिंता नाही. १९९३ पासून एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर बांधलेला आहे. पत्नीच्या खात्यात २,४०,००० नेपाळी रुपये होणार, शुल्क तेवढे वजा. समारंभाच्या आठ दिवस आधी आम्ही दोघे शाखेत गेलो. खातेक्रमांक मी तीन वेळा वाचून दाखवायला लावला, तर काउंटरवरची मुलगी हसली. मी म्हटले, हस बाई, पण एक आकडा चुकला तर डोंगर चढून कोण जाणार आहे?

समारंभात मी यातल्या फक्त चार गोष्टी बोललो. खरे नाव सांगितले. रजिस्टरमधली २६ जुलैची ओळ नेपाळीतच वाचून दाखवली. रक्कम सांगितली नाही, पण एवढे म्हटले, “ही बक्षिसी नाही. तुमच्या प्रत्येक वर्षाचे पंधरा दिवस आमच्याकडे जमा होते, ते परत केले.” आणि शेवटी विचारले की तुम्हाला काही सांगायचे आहे का. ते माइकजवळ आले. वीस वर्षांत मोडकीतोडकी का होईना, मराठी शिकले आहेत. म्हणाले, “पंप जुना झाला. बेअरिंगचा आवाज येतो. नवीन माणसाला सांगा, रात्री चालवू नको, पहिल्या मजल्यावर बाळ आहे.” मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून सेक्रेटरींच्या हातात दिला. एकवीस किल्ल्या होत्या आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. पैसे जमा झाले होते. त्यातून आधी घरावर नवे पत्रे घालायचे होते, पावसाळ्यापूर्वी. गेटवर आता एजन्सीचे दोन गार्ड आहेत, बारा-बारा तासांचे. पहिल्या तीन महिन्यांत त्यातले चार बदलले. पंपाचे बेअरिंग मे महिन्यात बदलून घेतले.

आपल्याकडे थेट नोकरीत आता सफाईच्या बाई आणि माळी असे दोघे उरले आहेत. दोघांच्या नेमणुकीची पत्रे नव्या कमिटीने एप्रिलमध्येच तयार केली, जुन्या व्हाउचरांवरून तारखा काढून. त्यांच्यासाठी दरवर्षी वेगळी रक्कम बाजूला काढायची ठरले आहे. यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते, त्यामुळे पगार वाढला की मागची सगळी वर्षेही वाढतात. बहादूरांच्या पहिल्या वर्षाचे त्या वेळच्या पगाराने १,५०० रुपये झाले असते, त्याच वर्षाचे शेवटी ७,५०० द्यावे लागले. म्हणून नुसते चालू वर्षाचे पैसे ठेवून भागत नाही, दर मार्चला मागचा फरकही भरावा लागतो. तो हिशेब मी एका वहीत आखून खजिनदारांकडे दिला आहे. तुमच्या मेंटेनन्सच्या बिलात जूनपासून ‘कर्मचारी ग्रॅच्युइटी, रुपये २५’ अशी जी नवी ओळ दिसते, ती त्याची आहे.